पायडलच्या दर फेऱ्याला टक्: आवाज नेमका कुठून येतो ते कसे शोधावे

सायकल चढाला लागली, पायात जोर आला की खालून ‘टक्’. पुन्हा फेरा, पुन्हा ‘टक्’. सपाटीवर हळू चालवली तर काहीच नाही. अशा वेळी बहुतेक जण कानावर भरवसा ठेवून एखादा भाग उघडतात, आणि तिथेच चूक होते. सायकलची चौकट पोकळ नळ्यांची असते. पायडलच्या आट्यांत झालेला आवाज नळीतून फिरून दोन्ही पायडलांच्या मधल्या बेअरिंगमधून आल्यासारखा वाटतो, उजवीकडचा डावीकडून ऐकू येतो. म्हणून आधी पायाने शोधायचे आणि पाना नंतर हातात घ्यायचा.

सगळ्यात आधी दोन साध्या गोष्टी पाहा. गिअर बदलणाऱ्या वायरचे बाहेर आलेले टोक, सैल झालेले चेनकव्हर किंवा बुटाची लेस फिरत्या क्रँकला, म्हणजे पायडल ज्या दांड्याला बसते त्याला, दर फेऱ्याला घासते का? सायकल उभी करून क्रँक हाताने सावकाश फिरवली की हे लगेच दिसते. दुसरे, आवाज खरोखर पायडलच्या फेऱ्याशी बांधलेला आहे का ते मोजा. हलका गिअर टाकून दहा फेरे मारा, मग जड गिअर टाकून दहा. दोन्ही वेळा फेऱ्यामागे तेवढेच ‘टक्’ आले तर दोष पायडल, क्रँक किंवा चेनव्हील, म्हणजे चेन ओढणारे पुढचे दातेरी चाक, यांच्या बाजूला आहे. गिअरबरोबर आवाजाचा ताल बदलला तर चाक किंवा चेन पाहावी लागेल, तो वेगळा शोध. सीटवरून उठून चालवल्यावर आवाज गायब झाला तर सीट आणि सीटची नळी तपासा, पुढचे काही करू नका.

एका पायाची चाचणी

हीच चाचणी निम्मे काम करते. मोकळ्या, शांत रस्त्यावर सायकल हळू चालवा. डावा पाय पायडलवरून काढून लोंबता ठेवा आणि फक्त उजव्या पायाने वरून खाली जोर द्या. पायडल तळाला गेले की उलटे फिरवून पुन्हा वर आणा आणि परत दाबा. असे आठ-दहा वेळा करा, मग पाय बदला. उलटे फिरवल्यावर ब्रेक लागणारी सायकल असेल तर हे जमणार नाही. तेव्हा दोन्ही पाय पायडलवर ठेवून एका पायाचा जोर पूर्ण सोडा.

यामागचा हिशेब असा. डाव्या पायाने दाबताना उजव्या पायडलवर काहीच भार नसतो. त्यामुळे आवाज फक्त एका पायाने येत असेल तर त्या बाजूचे पायडल किंवा त्या बाजूचा क्रँक संशयित. चेन मात्र कुठल्याही पायाने दाबले तरी ताणली जाते, म्हणून चेनव्हील आणि त्याचे बोल्ट दोन्ही पायांचा भार घेतात. मधल्या बेअरिंगचेही तसेच. आवाज दोन्ही पायांनी येत असेल तर पायडल सोडून द्या आणि चेनव्हीलचे बोल्ट बघा.

डाव्या पायाची एक खोच लक्षात असू द्या. त्याचा जोर डाव्या क्रँकमधून मधल्या आसाला, आसातून उजव्या क्रँकला आणि मग चेनव्हीलला जातो. उजव्या पायाचा जोर उजव्या क्रँकमधून थेट चेनव्हीलला जातो. म्हणून आवाज फक्त डाव्या पायाने आला तर डाव्या पायडलबरोबर डावा क्रँक आसावर जिथे बसतो तो जोडही संशयात येतो.

पायडलचे आटे

एका पायाने आवाज येत असेल तर सुरुवात इथून करा, कारण हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण आहे. पायडल १५ मिमीच्या पान्याने किंवा क्रँकच्या मागच्या बाजूने ६ अथवा ८ मिमीच्या ॲलन कीने निघते. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे आणि डाव्याचे उलटे असतात. डावे-उजवे आठवत बसण्यापेक्षा एक खूण धरा: पाना वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाकडे ढकलला की पायडल सैल होते, पुढच्या चाकाकडे ढकलला की घट्ट. दोन्ही बाजूंना हेच लागू पडते.

काढलेल्या पायडलचे आटे उजेडात धरा. कोरडे, करडी पेस्ट माखलेले, मध्येच चकाकणारे दिसले तर आवाजाचे कारण बहुधा सापडले. ही पेस्ट म्हणजे धातू धातूवर घासून झालेली भुकटी. जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने पायडलचे व क्रँकमधले आटे स्वच्छ करा, कोरडे पुसा आणि ग्रीसचा पातळ थर द्या. पायडल क्रँकला जिथे टेकते तो सपाट भागही पुसायला विसरू नका. तिथे वाळूचा एक कण अडकला तरी आवाज येतो.

बसवताना पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्या. बोटांनी जात नसेल तर पायडल तिरके लागले आहे, पान्याने रेटू नका. क्रँक बहुधा ॲल्युमिनियमचा आणि पायडलचा आस पोलादाचा, त्यामुळे आटे बहुतेक वेळा क्रँकचेच मरतात. शेवटी ३५ ते ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. टॉर्क पाना नसेल तर ३० सेमी लांब पान्याच्या टोकाला साधारण १२ किलोचा जोर द्यावा लागतो एवढा अंदाज ठेवा. लोकांना वाटते त्यापेक्षा हे बरेच घट्ट असते. सैल पायडलवर महिनाभर सायकल चालवली तर क्रँकचे आटे कायमचे जातात.

पायडलचे बेअरिंग

पायडल हातात निघालेलेच आहे, तर आस धरून पायडल कानाशी फिरवा. छर्रे खराब असतील तर बोटांना खरखर लागते किंवा एका ठिकाणी अडकल्यासारखे होते. मग आस घट्ट धरून पायडल आडवे हलवा. लटलट जाणवली तर बेअरिंगमध्ये फट पडली आहे. बाहेरचे झाकण काढल्यावर आत लॉकनट आणि त्यामागे छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट, म्हणजे कोन, दिसला तर ते जुळवता येते: लॉकनट सैल करा, लटलट जाईल आणि पायडल मोकळे फिरेल इतपत कोन आवळा, लॉकनट परत बसवा. झाकणच नसलेली, बंद असलेली पायडले दुरुस्त होत नाहीत, बदलावीच लागतात. शंका राहिली तर दुसऱ्या सायकलचे पायडल लावून एक फेरी मारा. आवाज गेला की निकाल लागला.

माझ्या सायकलचा ‘टक्’

माझ्या सायकलला दर फेऱ्याला एक ‘टक्’ यायचा, उजवे पायडल पुढे येऊन जोर लागला की. कान सांगत होता उजवे पायडल. मी ते दोनदा काढले, साफ केले, ग्रीस लावले, तरी फरक नाही. मग कंटाळून एका पायाची चाचणी केली. उजव्या पायाने मोठा ‘टक्’. डाव्या पायानेही एक ‘टक्’, पण अगदी बारीक. दोन्ही पायांनी चालवताना तो मोठ्या आवाजाखाली दबत होता आणि इतके दिवस माझ्या लक्षातच आला नव्हता. उजव्या पायडलवर भार नसताना आवाज येतो, म्हणजे पायडलचा दोष नाही.

मग धाकट्या भावाला बोलावले. सायकल भिंतीला टेकवून मी मागचा ब्रेक धरला. ब्रेक मागचाच हवा, कारण ताण चेनमध्ये यायला हवा. उजवा क्रँक आडवा ठेवला आणि भावाला पायडलवर पाय ठेवून दाबायला आणि सोडायला सांगितले. मी एकेक बोल्टवर बोट ठेवत गेलो, अर्धे बोट बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धे चेनव्हीलवर. पहिल्या दोन बोल्टना काही नाही. तिसऱ्याला भावाने दाबताच बोटाखाली ठोका लागला, नाडी लागते तसा. क्रँक आणि पायडलच्या जोडावर बोट ठेवून पाहिले, तिथे शांत. ५ मिमीची ॲलन की लावली तर तो बोल्ट जवळजवळ अर्धा फेरा फिरला. बाकीचे चार जागचे हलले नाहीत.

नुसता तोच बोल्ट आवळून थांबू नका. पाचही बोल्ट एकेक करून काढा, आटे आणि चेनव्हील टेकण्याची जागा पुसा, आट्यांना जरा ग्रीस द्या आणि बोल्ट परत लावा. एका वेळी एकच काढला तर चेनव्हील जागेवरून सरकत नाही. आवळताना शेजारचा शेजारी न घेता एक सोडून एक घ्या, म्हणजे चेनव्हील सगळीकडून सारखे बसते. पोलादी बोल्टना ८ ते १० न्यूटन-मीटर पुरेसे असतात. ॲल्युमिनियमच्या बोल्टना याहून कमी जोर द्या, ते सहज तुटतात. मागचा नट बोल्टबरोबर फिरत राहिला तर त्याच्या खाचेत रुंद स्क्रूड्रायव्हर अडकवून धरा. काही स्वस्त क्रँकना बोल्ट नसतात, चेनव्हील रिव्हेटने जोडलेले असते. ते ढिले झाले तर आवळण्याचा मार्ग नाही, क्रँक आणि चेनव्हीलचा जोड एकत्रच बदलावा लागतो.

क्रँक की मधले बेअरिंग

इथवर काही सापडले नाही तर दोन्ही क्रँक दोन हातांत धरून सायकलच्या आडव्या दिशेने हलवा. एकच क्रँक हलला तर तो आसावर सैल आहे. दोन्ही मिळून हलले तर मधले बेअरिंग किंवा त्याचे कप सैल. चौकोनी आसावर बसणाऱ्या क्रँकचा मधला बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळा. आवाज काही दिवसांत परत आला तर समजा की सैल असताना चालवल्यामुळे क्रँकचे चौकोनी भोक पसरले आहे. ते कितीही आवळले तरी टिकत नाही, क्रँक बदलावाच लागतो. मधल्या बेअरिंगचे कप काढायला खास हत्यार लागते, आणि बहुतेक सायकलींत उजव्या कपचे आटे उलटे असतात. हत्यार नसेल तर हे काम मेकॅनिककडे द्या, पण एका पायाच्या चाचणीत काय दिसले ते त्याला जरूर सांगा.

कुठलीही दुरुस्ती केली की एकाच वेळी दुसरे काही न उघडता आधी त्याच चढावर फिरून या. आवाज गेला तर बोल्टच्या डोक्यावरून चेनव्हीलवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. चार-पाच वेळा सायकल चालवून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट पुन्हा सुटतो आहे.