डेक्सा रिपोर्ट हातात आला? या चुका टाळा

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी. ६८ वर्षांच्या एका आजींचा रिपोर्ट उदाहरणादाखल घेऊ. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा आकडा, उणे ०.९. उणे १ च्या वर म्हणजे नॉर्मल, असं म्हणून घरच्यांनी फाईल मिटली. पहिली चूक इथेच झाली, कारण तो आकडा चार मणक्यांचा मिळून होता. सुटे आकडे असे: एल-१ उणे २.३, एल-२ उणे २.१, एल-३ अधिक ०.२ आणि एल-४ अधिक ०.६.

खालचे दोन मणके एवढे मजबूत कसे? ते तसे नसतातच. वयानुसार मणक्यांच्या कडांना हाडाची टोकं वाढतात आणि मशीन तेही कॅल्शियम मोजतं. दबून चपटा झालेला मणकाही असाच दाट दिसतो. शेजारच्या मणक्यापेक्षा एकाहून जास्त अंकाचा फरक पडला, तर तो मणका हिशोबातून वगळायचा असतो. एल-३, एल-४ वगळले की उरतात साधारण उणे २.२. त्याच रिपोर्टमध्ये खाली मांडीच्या हाडाच्या मानेचा आकडा होता उणे २.६. निदान सर्वांत कमी आकड्यावरून होतं, आणि उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

टी-स्कोअरची तुलना तरुण स्त्रियांच्या हाडांशी असते. शेजारचा झेड-स्कोअर तुमच्याच वयाच्या लोकांशी तुलना करतो. तो बरा दिसला म्हणून साठीनंतर निर्धास्त होऊ नका. त्या वयात सगळ्यांचीच हाडं विरळ झालेली असतात.

ती विरळ का होतात? हाड आयुष्यभर मोडून पुन्हा बांधलं जातं. ऑस्टिओक्लास्ट पेशी काही आठवड्यांत जुनं हाड विरघळवून खड्डा करतात, ऑस्टिओब्लास्ट तो भरायला तीन-चार महिने घेतात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, एकाच वेळी जास्त खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा थोडा अपुराच भरला जातो. मणक्यांच्या आतलं जाळीदार हाड आधी झिजतं, म्हणून म्हातारपणी मणके दबून उंची कमी होते.

याच संथपणामुळे सहा महिन्यांत पुन्हा डेक्सा करून औषधाचा गुण शोधणं बहुधा व्यर्थ. तीन-चार टक्क्यांचा फरक तर मोजणीतल्या चुकीतही पडू शकतो. दुसऱ्या सेंटरच्या मशीनवर केलेल्या चाचणीशी तर तुलनाच नको. साधारण एक-दोन वर्षांनी, त्याच मशीनवर करा. शिबिरात टाचेवर होणारी सोनोग्राफी ही डेक्सा नव्हे. तिच्यावरून औषध सुरू करू नये.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास राहते. ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर नवं हाड नीट टणक होत नाही आणि ऑस्टिओपोरोसिस नसतानाही डेक्साचा आकडा खालीच येतो. अंगभर दुखत असेल, जमिनीवरून उठताना मांड्यांत ताकद नसेल, तर हाडाचं औषध सुरू करण्याआधी रक्तातलं ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज तपासून घ्या. साधं घसरून पडल्यावर खुबा मोडला असेल, तर आकडा उणे १.८ असला तरी ऑस्टिओपोरोसिस समजूनच उपचार करतात.