उन्हाळी पाळ्यांआधी पाइपलाइनची गळती मोजा: छिद्रावरून रोजचा हिशेब

सबमेनला पडलेल्या बारीक छिद्रातून उडणारी चिळकांडी बघून किती पाणी जातंय याचा अंदाज सहसा कमीच बांधला जातो. पाळ्या सुरू होण्याआधी लाइन दाबाखाली चालवून बघा आणि प्रत्येक गळतीचा आकडा काढा. आधी काय दुरुस्त करायचं ते त्यावरून ठरतं.

मूळ सूत्र Q = Cd × A × √(2gh) असं आहे. A म्हणजे छिद्राचं क्षेत्रफळ, h म्हणजे मीटरमधला दाब. पाणी छिद्रातून बाहेर पडताना धार आकसते आणि वेगही थोडा कमी होतो, म्हणून तीक्ष्ण कडेच्या छिद्राला Cd साधारण ०.६ धरतात. एकके जुळवून घेतली की शेतात वापरायला सोपं रूप मिळतं:

लिटर प्रति मिनिट = ०.४ × व्यास × व्यास × √दाब

व्यास मिलिमीटरमध्ये, दाब किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये.

समजा छिद्र ३ मिमीचं आहे आणि दाब २ किलो. ०.४ × ९ × १.४१ म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर, तासाला ३०५. पंप रोज सहा तास चालत असेल तर १,८३० लिटर गेले. ताशी ४ लिटरच्या ७६ ड्रिपरना पुरेल एवढं पाणी या एका भोकातून जातं. टाकीला जोडलेली लाइन दिवसरात्र भरलेली असेल आणि दाब तेवढाच राहत असेल, तर हाच आकडा ७,३०० लिटरवर जातो.

खरी चूक होते ती व्यास मोजताना. व्यासाचा वर्ग होत असल्यामुळे ३ ऐवजी ३.५ मिमी निघाला तर गळती ३६ टक्क्यांनी वाढते. म्हणून पंप बंद करून ड्रिलच्या बिटांच्या गुळगुळीत दांड्या एकेक घालून बघा. जी हलक्या हाताने, सैल न होता बसेल तो व्यास. उंदराने कुरतडलेलं भोक लांबट असतं. तिथे लांबी गुणिले रुंदी घ्या: ६ बाय २ मिमी असेल तर व्यासाच्या वर्गाऐवजी १२ धरा.

दाब पंपाजवळचा घेऊ नका. छिद्राच्या जवळात जवळ गेज लावा, कारण लांब लाइनीत तिथपर्यंत दाब बराच उतरलेला असतो. दाब निम्मा झाला तरी गळती निम्मी होत नाही, ७१ टक्के उरते.

पडताळणी बादलीने करा. छिद्रावर सैल फडकं टाकून धार खाली १० लिटरच्या बादलीत वळवा. फडकं छिद्राला दाबून धरू नका. वरच्या उदाहरणात बादली जवळपास दोन मिनिटांत भरायला हवी. फार फरक आला तर व्यास पुन्हा मोजा.

लांब चिरेला मात्र हे सूत्र कमी आकडा देतं. दाबाने चीर फाकते आणि पंप बंद असताना मोजलेली रुंदी खरी राहत नाही. तिथे बादलीचाच आकडा धरा.