निवृत्त शिक्षकाचं ई-पुस्तक : आराखड्यापासून किमतीपर्यंत

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या शिक्षकाने 'संपूर्ण भूगोल' लिहायला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं दरवर्षी जिथे अडायची, तेवढाच विषय घ्यावा. समजा, समोच्च रेषा.

आराखडा पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने करू नका, मुलांच्या चुकांवरून करा. एक चूक, एक प्रकरण. दरी आणि डोंगराची सोंड यांत मुलं हमखास गोंधळतात. दरीत रेषांचं टोक चढाकडे जातं, सोंडेत उताराकडे, हे एका प्रकरणात नीट बसतं. उदाहरण घरचंच घ्या: उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी रेषा दाटतात, दक्षिणेला तापीच्या सपाटीवर विरळ होतात. आकृत्या मात्र स्वतः काढा. पाठ्यपुस्तकातल्या उचलल्या तर स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो.

आता टायपिंग. जुन्या नोट्स संगणकावर असतील, तर त्यातली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकून पाहा. अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं उमटली, तर तो फॉन्ट युनिकोड नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल, आणि त्यानंतर जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतील. वह्यांचे फोटो काढून पीडीएफ करण्याचा मोह टाळा. मोबाइलवर त्यातली अक्षरं स्वतंत्रपणे मोठी होत नाहीत, वाचणारा कंटाळतो. वर्डमध्ये प्रकरणांच्या नावांना 'हेडिंग' शैली द्या, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार करून घेता येते.

किमतीकडे जास्त लक्ष द्या, कारण तिथे आकृत्यांचं वजन आडवं येतं. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वप्रकाशन सेवेवर मराठी ई-पुस्तक विनामूल्य प्रकाशित करता येतं. मानधनाचे दोन दर आहेत, 35 टक्के आणि 70 टक्के. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील, तर किंमत किमान 99 रुपये लागते आणि केडीपी सिलेक्ट या योजनेत पुस्तक नोंदवावं लागतं; म्हणजे 90 दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे विकता येत नाही. शिवाय फाइलच्या दर एमबीमागे 7 रुपये वितरण खर्च आधी वजा होतो.

कर बाजूला ठेवून 99 रुपयांचा हिशेब करू. फाइल 1 एमबीची असेल, तर 92 रुपयांचे 70 टक्के, म्हणजे 64 रुपये 40 पैसे हाती येतात. मोबाइलवर काढलेले आकृत्यांचे फोटो तसेच चिकटवले आणि फाइल 8 एमबी झाली, तर 56 रुपये वितरणातच जातात आणि उरतात 30 रुपये 10 पैसे. त्यापेक्षा 35 टक्क्यांचा दर बरा: वितरण खर्च नाही, 34 रुपये 65 पैसे मिळतात, आणि पुस्तक इतरत्रही विकता येतं. म्हणून आकृत्या साध्या काळ्या रेषांत काढा, लहान आकाराच्या जेपीईजी करा, आणि फाइल चढवल्यावर किमतीच्या पानावर दिसणारा आकार पाहूनच दर निवडा.