निबंधासाठी समीक्षा-सिद्धान्त निवडताना: ‘मेटॅमॉर्फसिस’च्या निमित्ताने

साहित्याच्या पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्यांचे निबंध मी बरीच वर्षे तपासत आहे, आणि त्यांतील पुष्कळसे निबंध कलाकृती वाचण्याआधीच ठरलेले असतात असे मला सातत्याने जाणवते. ज्या सिद्धान्ताची त्या वर्षी चर्चासत्रांत चलती असते तो आधी निवडला जातो आणि मग त्याला जुळणारे उतारे कथेतून वेचले जातात. असा निबंध ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ज्या वाक्यांत कथेतील पात्राचे नाव, एखादी घटना किंवा निवेदनाची विशिष्ट लकब येते, तेवढीच वाक्ये पेन्सिलीने अधोरेखित करावीत. सलग दोन-तीन पाने कोरीच राहिली, तर ती पाने दुसऱ्या कोणत्याही कथेवरच्या निबंधात जशीच्या तशी बसतील, हे ओळखावे.

निवड उलट दिशेने कशी करता येते हे दाखवण्यासाठी मी काफ्काची 1915 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मेटॅमॉर्फसिस’ ही दीर्घकथा घेतो, कारण तिच्यावर जवळजवळ प्रत्येक सिद्धान्त लावून झालेला आहे. सध्या विद्यार्थी तिच्याकडे उत्तरमानवतावाद घेऊन जातात. माणसाचा किडा होतो, तेव्हा माणूस आणि प्राणी यांच्यातील सीमारेषा पुसली जाते, हे विधान हाताशी तयारच असते.

मी विद्यार्थ्यांना पहिल्या वाचनात कोणताही सिद्धान्त मनात आणू नका असे सांगतो आणि दुसऱ्या वाचनात फक्त अशा जागांवर खूण करायला सांगतो, जिथे कथा अपेक्षेपेक्षा वेगळी वागते. या कथेत अशा जागा चटकन सापडतात. फिरता विक्रेता असलेला ग्रेगोर सामसा सकाळी किड्याच्या रूपात जागा होतो, पण त्याला शरीराच्या भीतीपेक्षा चुकलेल्या गाडीची काळजी अधिक वाटते. दुसऱ्या भागात, धंदा बुडूनही वडिलांनी काही पैसे राखून ठेवले होते आणि ग्रेगोरच्या कमाईतूनही शिल्लक टाकली होती, हे त्याला दाराआडून ऐकू येते. त्या पैशांतून वडिलांचे कर्ज आधीच बरेचसे फिटले असते आणि आपली नोकरीतून सुटका जवळ आली असती हे त्याच्या लक्षातही येते, तरी वडिलांनी केले ते योग्यच केले असे म्हणून तो समाधानाने मान डोलावतो. आणि शेवटी, ग्रेगोर मेल्यानंतर, इतका वेळ ‘वडील’ आणि ‘आई’ म्हणणारे निवेदन त्या दोघांचा उल्लेख प्रामुख्याने श्री. आणि श्रीमती सामसा असा करू लागते.

आता या जागा ज्याला प्रश्न म्हणून दिसतील असा सिद्धान्त शोधायचा. उत्तरमानवतावादापाशी यांतील एकाही जागेबद्दल विशेष काही बोलण्यासारखे नाही. राखून ठेवलेल्या पैशांचा माणूस-प्राणी भेदाशी संबंध जोडायचा तर ओढूनताणूनच जोडावा लागतो. तरीही त्याला पूर्ण बाद करणे अन्यायाचे ठरेल. छतावर सरपटण्यात ग्रेगोरला येणारी मजा, खोलीतले सामान हलवताना मोकळी जागा हवी की माणूसपणाच्या खुणा हव्यात अशी त्याची झालेली ओढाताण, आणि बहिणीचे व्हायोलिन ऐकताना, संगीताने इतके हलून जाणारे आपण खरोखर प्राणी आहोत का, हा पडलेला प्रश्न, या ठिकाणी कथाच तो विषय काढते. एवढ्याच प्रसंगांवर, एवढ्याच व्याप्तीचा दावा करून लिहिलेला निबंध उत्तम होऊ शकतो. बिघडते ते या प्रसंगांवरून संपूर्ण कथेचा निकाल दिला जातो तेव्हा.

मनोविश्लेषणाची ओढ याहून अधिक असते, कारण काफ्काने 1919 मध्ये वडिलांना उद्देशून लिहिलेले दीर्घ पत्र उपलब्ध आहे आणि कथेतले वडीलही मुलाला सफरचंद फेकून जखमी करतात. मात्र त्या पत्रावर विसंबलेला निबंध हळूहळू लेखकाच्या चरित्राचा निबंध होतो. शिवाय शेवटच्या नामबदलाचे स्पष्टीकरण पत्रातून मिळत नाही.

तो नामबदल कथनशास्त्राच्या कक्षेत येतो. जेरार जेनेतने कथा सांगणारा आवाज आणि कथेतले जग पाहणारी नजर या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दुसरीला त्याने फोकलायझेशन म्हटले. या कथेत आवाज तृतीयपुरुषी निवेदकाचा आहे, पण नजर जवळजवळ शेवटपर्यंत ग्रेगोरची आहे, म्हणून ‘वडील’ आणि ‘आई’. नजर संपते तेव्हा नातेवाचक शब्दही मागे पडतात. हे कळले की पैशांचा प्रसंगही नव्याने वाचता येतो. तिथे घडलेल्या गोष्टीइतकेच, ती ग्रेगोरला कशी दिसते याला महत्त्व येते.

पण ती त्याला अशी का दिसते, याचे उत्तर कथनशास्त्र देत नाही. ते त्याचे कामच नाही. इथे मार्क्सवादी समीक्षेची गरज लागते, आणि तीही संपूर्ण नव्हे. विद्यार्थी सहसा परात्मभावाची संकल्पना उचलतात. परंतु श्रमिक आपण घडवलेल्या वस्तूला पारखा होतो, हा तिचा महत्त्वाचा भाग इथे फारसा लागू पडत नाही, कारण ग्रेगोर काही घडवत नाही, तो कापडाचे नमुने घेऊन फिरतो. अधिक उपयोगी पडतो तो लुई आल्थ्युसेरने 1970 मधील निबंधात मांडलेला विचारसरणीचा मुद्दा: माणूस आपल्यावर आलेली भूमिका स्वतःचीच निवड असल्यासारखी स्वीकारतो, आणि कुटुंबसंस्था हे घडवून आणणाऱ्या यंत्रणांपैकी एक असते. या एका मुद्द्यापुरताच आल्थ्युसेर घ्यावा. त्याची सर्व परिभाषा निबंधात आणली की वाचक कथेपासून दूर जातो.

यावरून पहिले प्रमेय असे तयार होते: निवेदन ग्रेगोरच्या नजरेशी बांधलेले असल्यामुळे त्याच्या पिळवणुकीचा पुरावा वाचकापर्यंत पोचतो, पण ग्रेगोरला मात्र तो कर्तव्य म्हणूनच दिसतो. प्रमेय लिहून झाले की लगेच त्याच्या विरोधात जाणारी जागा कथेत शोधावी. नवोदितांकडून सर्वाधिक टाळली जाणारी पायरी हीच आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. इथे अशी जागा अगदी सुरुवातीच्या पानांवरच आहे: ग्रेगोर मालकाला मनातल्या मनात दूषणे देतो आणि पाच-सहा वर्षांत कर्ज फेडून नोकरी सोडण्याचा बेत करतो. म्हणजे तो आंधळा नाही. कचेरीतली पिळवणूक त्याला चांगली दिसते. त्याला दिसत नाही ती घरातली. तेव्हा प्रमेय बदलावे लागते आणि बदलताना ते अधिक नेमके होते: कथेचे निवेदन वाचकाला जे घराबद्दल दाखवते, ते ग्रेगोर केवळ कचेरीबद्दलच म्हणू शकतो. आता वडिलांनी बँकेत नोकरी धरणे, आईने शिवणकाम घेणे आणि बहिणीने दुकानात विक्रेती म्हणून काम करणे, हे तपशीलही आपोआप निबंधात येतात, कारण ग्रेगोरच्या कमाईवाचून ज्यांचे चालणार नाही असे त्याला वाटत होते ती माणसे तो थांबताच कमावू लागतात.

या निबंधाच्या वाट्याला न आलेल्या गोष्टीही उरतात. छतावरचे सरपटणे आणि व्हायोलिनचा प्रसंग या प्रमेयात नीट बसत नाहीत. त्यांना ओढून बसवण्याऐवजी, प्रस्तुत मांडणी पैसा, घर आणि नजर यांच्यापुरती मर्यादित आहे आणि ग्रेगोरच्या प्राणीपणाचे प्रसंग वेगळ्या वाचनाची अपेक्षा करतात, असे एक-दोन वाक्यांत प्रस्तावनेतच लिहावे. परीक्षक म्हणून मी अशा वाक्यांना गुण कापल्याचे मला आठवत नाही. सर्व काही एका चौकटीत कोंबणाऱ्या निबंधाचे मात्र कापावेच लागतात.