छतावरची पांढरी डबी ओळखताना या चुका टाळा

आठवड्यातून दोन-तीनदा तरी व्हॉट्सॲपवर फोटो येतो: पांढरं छत, मधे पांढरी डबी, त्यात लाल ठिपका. खाली प्रश्न, "स्मोक डिटेक्टर चालू आहे ना?" लाल ठिपका लुकलुकतोय म्हणजे डबीला वीज मिळतेय, एवढंच. ती धूर ओळखते की उष्णता, हे त्या ठिपक्यावरून मलाही सांगता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बरोबर खाली उभं राहून फोटो काढणं. खालून सगळ्या डब्या भाकरीसारख्या गोल दिसतात. दोन पावलं मागे जा, झूम करा आणि तिरका फोटो काढा, म्हणजे डबीची कड दिसेल. कडेला चहूबाजूंनी बारीक फटी आणि आत किडे अडवणारी जाळी असेल, तर ती बहुधा धुराची. आत अंधारी पोकळी असते. एलईडीचा उजेड सेन्सरवर थेट पडणार नाही अशा कोनात सोडलेला असतो. धूर शिरला की उजेड विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. उष्णतेच्या डबीला ही पोकळी लागत नाही. तिच्या मध्यभागी उघडा पिंजरा असतो आणि त्यात उष्णता ओळखणारा मोहरीएवढा थर्मिस्टर लोंबतो. जुन्या डब्यांत त्या जागी धातूची चकती दिसते.

एका सोसायटीत पॅसेजमधला स्मोक डिटेक्टर शेजारच्या घरातल्या फोडणीने वाजायचा. आधीच्या ठेकेदाराने तो काढून त्याच बेसमध्ये हीट डिटेक्टर फिरवून बसवला. आवाज बंद, सेक्रेटरी खूश! सगळ्या डब्या ज्याला जोडलेल्या असतात ते फायर अलार्मचं पॅनल साधं, कन्व्हेन्शनल होतं. त्याला झोनमधला, म्हणजे एका वायरवरच्या डब्यांच्या गटातला, वाढलेला करंट तेवढा कळतो, डबी कोणती ते कळत नाही. त्यामुळे पॅनलवरच्या चिठ्ठीवर अजूनही "स्मोक" लिहिलेलं. तिरका फोटो मागवला, तर मधे पिंजरा. जाऊन टेस्टचा धूर फवारला, काही नाही. हेअर ड्रायर धरला, लगेच वाजला. त्या पॅसेजमध्ये विजेचा डक्ट आहे. तिथे वायर धुमसली तर जिना धुराने भरेल, पण छताजवळची हवा साधारण ५७ अंशांपर्यंत जाईपर्यंत किंवा भराभर तापू लागेपर्यंत ही डबी गप्प बसणार. हीट डिटेक्टर वाईट नसतो. स्वयंपाकघरात, जनरेटरच्या खोलीत मी तोच लावतो. पण फोडणीचा त्रास आहे म्हणून सुटकेच्या वाटेवर तो लावणं म्हणजे कटकट मिटवून धोका ठेवणं. मी स्मोक डिटेक्टर परत लावला आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांब सरकवला. बेस हलवायला अर्धा दिवस जातो, म्हणून हे कुणी करत नाही.

एक अडचण राहतेच. काही डब्यांत फटीही असतात आणि मधे थर्मिस्टरही. त्या दोन्ही ओळखतात, म्हणजे नुसता पिंजरा दिसला म्हणून "हीट" ठरवू नका. शंका असेल तर मी डबी फिरवून काढतो आणि पाठीमागचं लेबलवरचं युरोपीय मानक वाचतो: ईएन ५४-७ धुरासाठी, ईएन ५४-५ उष्णतेसाठी. तुम्ही हे वॉचमनला न सांगता करू नका, पॅनलवर फॉल्ट येतो.

दुसरा गैरसमज जिवावर बेतणारा. "बाथरूमबाहेर डिटेक्टर आहे, गॅस गीझरची काळजी नाही." गीझरला हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि धुराचे कणही नाहीत. त्यामुळे वरच्या दोन्ही डब्यांना तो दिसतच नाही. त्यासाठी हा वायू ओळखणारा इलेक्ट्रोकेमिकल सेल लागतो. तो आत आहे की नाही हे बाहेरच्या आकारावरून कळत नाही, म्हणून माझा नियम सोपा: डबीवर सीओ किंवा कार्बन मोनॉक्साइड लिहिलेलं वाचता आलं नाही, तर ते संरक्षण नाही असंच धरायचं. शिवाय सीओ डिटेक्टर लगेच वाजत नाही. अमेरिकी मानकाप्रमाणे हवेत ७० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७० भाग, सीओ असेल तर एक ते चार तास लागू शकतात, ४०० पीपीएमला चार ते पंधरा मिनिटं. लायटरचा गॅस म्हणजे सीओ नव्हे, तरी तो सोडून "वाजत नाही, खराब आहे" म्हणणाऱ्यांना काय सांगावं! सिलिंडरच्या गळतीचा डिटेक्टर आणखी वेगळा, आणि तो जमिनीजवळ लावायचा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो.

मुलांकडे अमेरिकेला गेलात तर छतावर धूर आणि मोनॉक्साइड दोन्ही ओळखणारी एकच डबी दिसेल. तिथे तीन लांब बीप आणि थांबा म्हणजे धूर, चार छोटे बीप आणि थांबा म्हणजे मोनॉक्साइड. मिनिटभराने एकच चिर्र झालं, तर बहुधा बॅटरी.

नव्या इमारतीत डबी नारिंगी किंवा पिवळी दिसली, तर ती धुळीची टोपी आहे. काढा ती.