व्याख्या आपल्या शब्दांत लिहा, पण नेमके शब्द सांभाळून

दहावीच्या विज्ञानात उष्णतेच्या पाठात साधारण अशी एक व्याख्या असते: ‘एकक वस्तुमानाच्या स्थायू पदार्थाचे द्रवात पूर्ण रूपांतर होताना स्थिर तापमानाला जी उष्णता शोषली जाते, त्या उष्णतेस वितळणाचा विशिष्ट अप्रकट उष्मा म्हणतात.’ घोकंपट्टी करणाऱ्या मुलाला यातला एक तुकडा आठवला नाही की पुढचं सगळंच अडतं. दुसरं एखादं मूल सरळ लिहून मोकळं होतं, ‘बर्फ वितळायला जी उष्णता लागते ती.’ त्याला कल्पना कळलेली असते, पण गुण जातात, कारण तपासणारे शिक्षक उत्तरात जे मुद्दे शोधतात त्यांतले निम्मे तिथे नसतात.

म्हणून व्याख्येतले कोणते शब्द बदलता येतात आणि कोणते नाहीत, हे आधी ओळखायला शिकायचं. हीच व्याख्या घेऊन ते करून पाहू.

पहिली पायरी: ही नेमकी काय वस्तू आहे ते ठरवा

विशिष्ट अप्रकट उष्मा ही क्रिया आहे, गुणोत्तर आहे, बल आहे की उष्णता आहे? वाक्याच्या शेवटाकडे पाहा: ‘त्या उष्णतेस’. म्हणजे ही उष्णता आहे. उत्तरात ‘लागणारं तापमान’ किंवा ‘वितळण्याची क्रिया’ असं आलं, तर बाकी सगळं बरोबर असूनही व्याख्या चुकली. पुस्तक बंद करून आधी एवढंच लिहा: ‘ही एक उष्णता आहे.’ बाकीचं उत्तर याच वाक्याला जोडत न्यायचं आहे.

दुसरी पायरी: एकेक शब्द काढून पाहा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, तेव्हा तिला वेळ द्या. व्याख्येतला एक शब्द झाका आणि विचारा: याच्याशिवाय उत्तराचा आकडा बदलतो का? बदलत असेल तर तो शब्द जसाच्या तसा ठेवायचा. बदलत नसेल तर तो तुमच्या मनासारखा लिहा.

बर्फाचा वितळणाचा विशिष्ट अप्रकट उष्मा ८० कॅलरी प्रति ग्रॅम आहे. आता ‘स्थिर तापमानाला’ हे शब्द काढा. मग उणे १० अंश सेल्सिअसचा १ ग्रॅम बर्फही व्याख्येत बसू लागतो. त्याला आधी ० अंशापर्यंत आणायला सुमारे ५ कॅलरी लागतील आणि वितळायला ८०, म्हणजे एकूण ८५. आकडा बदलला, तेव्हा हे शब्द हलवायचे नाहीत.

‘पूर्ण’ काढा. ० अंशाचा १ ग्रॅम बर्फ अर्धाच वितळला तर ४० कॅलरीच लागतील. हाही शब्द पक्का.

‘एकक वस्तुमानाच्या’ काढा. ५ ग्रॅम बर्फाला ४०० कॅलरी लागतील आणि बादलीभर बर्फाला कितीतरी जास्त. नावातला ‘विशिष्ट’ हा शब्द याच तीन अक्षरी ‘एकक’वर उभा आहे. तो गळला तर उरतो नुसता अप्रकट उष्मा, जी वेगळी संज्ञा आहे. इथेच आणखी एक चूक हमखास होते: मुलं ‘एकक वजनाच्या’ लिहितात. बोलताना आपण वस्तुमानाला वजनच म्हणतो, पण विज्ञानाच्या पेपरात वजन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं बल. तिथे ‘वस्तुमान’च हवं.

‘स्थायू’ आणि ‘द्रव’ यांची जोडी बदलली तर? पाण्याची वाफ होताना १ ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी लागतात आणि ती व्याख्या बाष्पनाची. म्हणजे ही जोडीही ठेवायची.

आता ‘शोषली जाते’ झाका आणि तिथे ‘लागते’, ‘घेतली जाते’, ‘द्यावी लागते’ असं काहीही लिहा. आकडा तोच राहतो. ‘रूपांतर होताना’ऐवजी ‘स्थायू वितळून द्रव होताना’ चालतं. ‘त्या उष्णतेस म्हणतात’ ही वाक्याची रचनाही बदलता येते. आपले शब्द घालायला जागा आहे ती इथे.

तिसरी पायरी: ‘जी… ती’ची गाठ सोडवा

पुस्तकातल्या व्याख्या बहुतेकदा एका लांब वाक्यात बांधलेल्या असतात. संज्ञेचं नाव अगदी शेवटी येतं आणि तोवर मुलाच्या डोक्यातून सुरुवात निसटते. ते वाक्य दोनात तोडा आणि नाव पुढे आणा. पक्के शब्द मात्र अधोरेखित करत लिहा:

‘वितळणाचा विशिष्ट अप्रकट उष्मा म्हणजे एकक वस्तुमानाचा स्थायू पूर्णपणे वितळून त्याचा द्रव व्हायला लागणारी उष्णता. ही उष्णता दिली जात असताना पदार्थाचं तापमान स्थिर असतं.’

‘पूर्ण रूपांतर’चं इथे ‘पूर्णपणे वितळून’ झालं, पण अर्थातला ‘पूर्ण’ शाबूत आहे. खाली एकक लिहा: ज्यूल प्रति किलोग्रॅम किंवा कॅलरी प्रति ग्रॅम. हे एकक उत्तर तपासायलाही कामी येतं. त्यात ‘प्रति ग्रॅम’ असेल आणि व्याख्येत ‘एकक वस्तुमान’ नसेल, तर काहीतरी सुटलं आहे.

चौथी पायरी: नाव झाकून दुसऱ्याला वाचायला द्या

संज्ञेचं नाव न लिहिता व्याख्या वर्गातल्या मैत्रिणीला द्या आणि ही कशाची व्याख्या आहे ते विचारा. ‘१ ग्रॅम पदार्थाला दिलेली उष्णता’ एवढंच लिहिलं असेल, तर ती विशिष्ट उष्माधारकता म्हणेल आणि तिचं चुकलेलं नसेल. तिने दुसरंच नाव घेतलं की तुमची एखादी अट गळली आहे. कोणती ते दुसऱ्या पायरीकडे परत जाऊन शोधा. दुसऱ्या दिवशी न पाहता पुन्हा लिहा आणि पुस्तकातल्या वाक्याशी नव्हे, तुम्ही अधोरेखित केलेल्या शब्दांशी ताडून पाहा.

नियम असेल तर हात आखडता घ्या

संज्ञेच्या व्याख्येत जेवढी मोकळीक असते, तेवढी नियमात नसते. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम घ्या. ‘वस्तू लांब गेल्या की बल कमी होतं’ हे खरं आहे, पण हा नियम नाही. अंतर दुप्पट झालं तर बल निम्मं होत नाही, एक चतुर्थांश होतं. म्हणून ‘अंतराच्या वर्गाशी व्यस्तानुपाती’ हे तसंच्या तसं हवं. त्याचप्रमाणे बल वस्तुमानांच्या ‘गुणाकाराशी समानुपाती’ असतं. ‘गुणाकाराएवढं’ लिहिलं तर सूत्रातला स्थिरांक G कुठे गेला, असा प्रश्न येतो.

ओहमच्या नियमात मुलं ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना’ हा सुरुवातीचा भाग सोडतात, कारण तो प्रस्तावनेसारखा वाटतो. तार तापली की तिचा रोध बदलतो आणि विद्युतधारा विभवांतराच्या प्रमाणात राहत नाही, म्हणजे नियमच लागू पडत नाही. ही अट नियमाचाच भाग आहे.

नियमांसाठी म्हणून मी सांगेन की वाक्य पुस्तकाच्या जवळच ठेवा, फक्त दोनात तोडा आणि त्याखाली आपल्या शब्दांत एक ओळ जोडा: ‘म्हणजे अंतर तिप्पट केलं तर बल एक नवमांश होईल.’ या ओळीत पाठांतर चालत नाही, हिशोब करावाच लागतो.