मुदत ठेवीचा खरा परतावा: ज्येष्ठ नागरिकांनी या चुका टाळा

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत राहणारे, वयाची अडुसष्टी गाठलेले एक निवृत्त अधिकारी गेल्या जुलैत विवरणपत्र भरण्यासाठी कागद घेऊन माझ्याकडे आले. 20 लाखांची मुदत ठेव, 7.5 टक्के दर आणि दर तिमाहीला खात्यात जमा होणारे 37,500 रुपये, असा त्यांचा सरळ हिशेब होता. महागाई चार टक्के धरली तरी साडेतीन टक्के हातात राहतात, असे ते मला समजावून सांगत होते. हिशेब पूर्ण झाला तेव्हा मात्र त्या ठेवीवरचा त्यांचा खरा परतावा शून्याच्याही किंचित खाली गेलेला निघाला. तो तिथे कसा पोहोचला हे पाहिले की बहुतेक चुका आपोआप समोर येतात.

दर आणि ‘यील्ड’ यांची गल्लत

त्यांच्या कागदांत एक माहितीपत्रक होते आणि त्यात पाच वर्षांच्या पुनर्गुंतवणूक ठेवीसमोर ठळक अक्षरांत ‘वार्षिक यील्ड 9 टक्के’ असे छापले होते. आकडा खोटा नव्हता, पण तुलनेच्या कामाचाही नव्हता. 7.5 टक्के दराने तिमाही चक्रवाढ धरली तर 20 लाखांचे पाच वर्षांत सुमारे 29 लाख होतात. वाढलेल्या नऊ लाखांना सरळ पाचाने भागले की वर्षाला नऊ टक्के दिसतात, कारण त्या भागाकारात व्याजावरचे व्याजही सरळव्याज असल्यासारखे मोजले जाते. वर्षाचा परिणामी दर 7.71 टक्केच असतो. महागाईही दरवर्षी आधीच वाढलेल्या भावांवर चढत असल्याने तिच्याशी तुलना करायची ती या 7.71 ची, आणि व्याज तिमाहीला हातात घेत असाल तर 7.5 ची.

टीडीएस म्हणजेच कर, हा समज

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये ज्येष्ठ नागरिकाला एका बँकेकडून वर्षभरात मिळणारे व्याज एक लाखाच्या वर गेले तर बँक 10 टक्के टीडीएस कापते. या गृहस्थांचे व्याज दीड लाख असल्याने 15,000 रुपये कापले गेले होते. ‘कर भरून झालाय, अहो, कापलाय बँकेने,’ असे ते दोनदा म्हणाले. टीडीएस हा केवळ आगाऊ कापलेला भाग असतो. खरा कर ठरतो तो एकूण उत्पन्नावर.

पेन्शन व इतर उत्पन्न मिळून, 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट वगळल्यावर, त्यांचे करपात्र उत्पन्न 11,50,000 रुपये होते. त्या वर्षी नव्या कररचनेत करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कलम 87अ च्या सवलतीमुळे कर शून्य होत होता. म्हणजे ही ठेव नसती तर त्यांना एक रुपयाही कर लागला नसता. व्याजाचे दीड लाख मिळवल्यावर उत्पन्न 13 लाख झाले, बारा लाखांची रेघ ओलांडली गेली आणि सवलत पूर्णपणे संपली. आता पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चार लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, त्यापुढच्या चार लाखांवर 10 टक्क्यांनी 40,000 आणि शेवटच्या एका लाखावर 15 टक्क्यांनी 15,000 असा एकूण 75,000 रुपये कर झाला. त्यावर 4 टक्के उपकर धरून 78,000. रेघेच्या लगत, साधारण 12 लाख 70 हजारांच्या आत, थोडा दिलासा मिळण्याची तरतूद आहे, पण तेरा लाखांवर ती लागू होत नाही.

टीडीएस वजा जाता 63,000 रुपये त्यांना विवरणपत्राबरोबर भरावे लागले. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला आगाऊ कर भरण्याचे बंधन नसते, त्यामुळे ही रक्कम वर्ष संपून गेल्यावर जुलैत एकदम समोर येते आणि तिचा संबंध त्या ठेवीशी आहे हे लक्षातच येत नाही. माझ्या मते सोयीची वाटणारी ही सवलतच हिशेब बिघडवते.

म्हणून करानंतरचा परतावा काढताना स्वतःचा ‘स्लॅब’ विचारून थांबू नये. ठेवीचे व्याज धरून एकदा आणि न धरता एकदा असा वर्षाचा कर दोनदा काढावा. त्यातला फरक हाच त्या ठेवीवरचा कर. इथे तो 78,000 होता, म्हणजे व्याजाच्या 52 टक्के. हातात उरले 72,000, म्हणजे 20 लाखांवर 3.6 टक्के.

ठेव पुनर्गुंतवणुकीची केली तर कर मुदतीअखेरीपर्यंत टळेल, हा एक उपाय अनेकांना सुचतो. बँक मात्र दरवर्षी साचलेल्या व्याजावर टीडीएस कापते आणि ते व्याज वार्षिक माहिती विवरणात दिसते. तसेच पत्नीला पैसे देऊन तिच्या नावाने ठेव केली तरी ते व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. ठेव तिच्या स्वतःच्या पैशांतून असेल तरच वेगळा हिशेब होतो.

महागाई चुकीची निवडणे आणि चुकीच्या क्रमाने वजा करणे

करआकारणी पूर्ण 7.5 टक्के व्याजावर होते. महागाईने खाल्लेला भाग प्राप्तिकर खाते सोडून देत नाही. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: आधी कर, मग महागाई. सूत्र असे:

```
खरा परतावा = (1 + करानंतरचा दर) / (1 + महागाई) - 1
```

महागाई 4 टक्के धरली तर 1.036 भागिले 1.04, म्हणजे उणे 0.4 टक्के. रुपयांत सांगायचे तर 20 लाखांची खरेदीशक्ती टिकवायलाच वर्षाला 80,000 वाढायला हवेत आणि हातात आले 72,000. कर शून्य असता तर हाच परतावा सुमारे अधिक 3.4 टक्के आला असता.

चारच टक्के का, असे त्यांनी विचारले, कारण ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाई 0.25 टक्के असल्याचे त्यांनी वाचले होते. तो आकडा एका महिन्याची त्याच्या आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना होता आणि खाद्यपदार्थांचे भाव उतरल्याने तो खाली गेला होता. पुढची पाच वर्षे चालणाऱ्या ठेवीसमोर असा एकच महिना ठेवता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे लक्ष्य 4 टक्के आणि सहनशील मर्यादा 2 ते 6 टक्के आहे. म्हणून मी एकदा चारने आणि एकदा सहाने हिशेब करतो. सहाने केल्यास त्यांचा परतावा उणे 2.3 टक्के येतो. घरात दिवसपाळीची मावशी, औषधे आणि मेडिक्लेमचा हप्ता असे खर्च मोठे असतील, तर सहाचा आकडाच अधिक जवळचा ठरू शकतो. तो तपासायला सोसायटीची देखभाल बिले व बँकेचे पासबुक यांतून दोन वर्षांचा खर्च समोरासमोर मांडावा.

त्यांच्या ठेवीपैकी व्याजाचे पहिले 50,000 रुपये, म्हणजे सुमारे 6 लाख 67 हजारांची ठेव, बारा लाखांच्या रेघेच्या आत करमुक्तच बसत होती. उरलेल्या 13 लाख 33 हजारांवरचे एक लाख व्याज मात्र 78,000 कर ओढून आणत होते आणि त्या भागावर वर्षाला जेमतेम 1.65 टक्के सुटत होते. त्यांचे पीपीएफ खाते पाच वर्षांच्या मुदतवाढीत, वर्गणीसह चालू होते. तिथे वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात आणि 2025-26 मध्ये 7.1 टक्के असलेले व्याज करमुक्त असते. ठेव मोडण्याचा दंड किती, हे विचारायला ते दुसऱ्या दिवशी बँकेत गेले.